संध्याकाळी मेट्रोतून उतरणाऱ्याच्या हातात काय आहे? त्यावरून दोन-तीन वर्षांनंतरचा खाण्याचा धंदा कसा ओळखायचा (नागपूरच्या हिशोबानं, स्टेप बाय स्टेप)

गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, की भाऊ मेट्रो स्टेशनजवळ गाळा मिळतोय, काय टाकू? पोहे टाकू, चहा टाकू का मोमो? प्रश्नच उलटा आहे. गाळा आधी आणि भूक नंतर असं केलं की माणूस आज जी गर्दी दिसते तिच्यावर पैसे लावतो, आणि आज डोळ्याला दिसणाऱ्या गर्दीचा भाव घरमालकानं भाड्यात आधीच घेतलेला असतो. पुढं काय लागणार आहे ते बघायचं असेल तर दोनच गोष्टी बघायच्या: लोक घरी कसे जातात ते बदलतंय का, आणि त्यामुळं त्यांचं जेवण कुठं अडतंय.

मी इथं फक्त संध्याकाळचं सांगतोय, घरच्या बाजूच्या स्टेशनवरचं. सकाळचा विषय वेगळा आहे. आपला तर्रीपोहा प्लेटमध्ये उभ्यानं खायचा पदार्थ आहे, तो घेऊन मेट्रोत चढता येत नाही, त्यामुळं सकाळी माणूस एकतर चढायच्या आधी खातो नाहीतर उतरल्यावर, आणि दोन्हीकडं टपऱ्या आधीच आहेत. संध्याकाळी मात्र खरी फट पडते आणि तिकडं कोणी बघत नाही. गाडीवर येणारा माणूस वाटेत थांबतो, भाजी घेतो, डिक्कीत टाकतो, हँडलला दोन पिशव्या लटकवतो. तोच माणूस मेट्रोनं यायला लागला की भाजी बाजार त्याच्या वाटेतूनच निघून जातो, तो थेट स्टेशनवर उतरतो, सात-साडेसात वाजलेले असतात, हात रिकामे आणि घरी फ्रीजमध्ये दोन टमाटे. ही अडचण आधी दिसते आणि धंदा नंतर येतो, मधे दोन ते चार वर्षं जातात, ती वर्षं म्हणजेच आपला फायदा.

## टप्पा १: तयारी, आणि यातच लोक चुकतात

एकच स्टेशन घ्या. दोन नाही, एकच. आणि ते ऑफिसच्या बाजूचं नको, घरच्या बाजूचं पाहिजे. सीताबर्डी इंटरचेंजला उभं राहून काहीच कळत नाही, तिथं सगळे गाडी बदलायच्या घाईत असतात. उदाहरण म्हणून मी वर्धा रोडवरचं जयप्रकाश नगर स्टेशन धरतो, कारण मागं मनीषनगर, सोमलवाडा आहे, नोकरीवाली घरं आहेत, दोघंही कमावतात अशी बरीच, आणि पुढं बेसा-बेलतरोडीकडं वस्ती वाढतेच आहे. तुम्ही तुमच्या ओळखीचं स्टेशन घ्या, जिथं तुम्हाला रोज जाणं जड होणार नाही.

एक साधी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल काढला की मेसेज येतो आणि मोजणी सुटते. पानावर दोन भाग पाडा. पहिल्या भागात हातात काय आहे त्याचे चार रकाने: रिकामे हात, भाजी किंवा किराण्याची पिशवी, तयार खाण्याचं पार्सल, आणि गेटबाहेर थांबून उभ्यानं खाणारा. दुसऱ्या भागात तो पुढं कसा गेला: पायी, स्वतःची गाडी पार्किंगमधून काढून, ऑटो किंवा ई-रिक्षानं, की घरचं कोणी घ्यायला आलं.

हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे. कोणी घ्यायला आलं याचा अर्थ घरी माणूस आहे, म्हणजे बहुतेक चूल पेटलेली आहे. एकटा किंवा जोडीनं पायी निघालेला माणूस आणि हातात काही नाही, म्हणजे स्वयंपाक अजून व्हायचाय. आपलं गिऱ्हाईक तेच.

वेळ सव्वासहा ते पावणेनऊ. पूर्ण अडीच तास मोजू नका, दमता आणि शेवटी अंदाज लिहायला लागता. दर अर्ध्या तासात पंधरा मिनिटं मोजायचं, पंधरा मिनिटं बसायचं. नंतर आकडा दुप्पट केला की संध्याकाळचा साधारण हिशोब मिळतो.

सावधान: गेटच्या बाहेर फूटपाथवर उभं राहा, कोणाचा फोटो काढू नका, बायकांच्या मागंमागं जाऊन कुठं वळतात ते बघू नका. रकान्यात रेघ मारायची, बस. तेवढ्यात सगळं कळतं.

तपासून बघा: पहिल्या दिवसाची मोजणी फेकून द्या. पहिल्या दिवशी कॉलेजची बॅग पार्सल वाटते आणि टिफिनची रिकामी पिशवी भाजीची वाटते. दुसऱ्या दिवसापासून डोळा बसतो.

## टप्पा २: दिवस आणि महिना नीट निवडा

एका आठवड्यात तीन दिवस पुरे: एक साधा बुधवार, एक गुरुवार किंवा मंगळवार (उपासवाले त्या दिवशी वेगळं खातात, ते समजायला), आणि एक शनिवार. हे असं वर्षातून चार वेळा: जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी सोडून.

आता नागपूरचं खास. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास जातो, माणूस पायी चालायचं टाळतो, ऑटो वाढतात, तळलेलं कमी खाल्लं जातं, आणि शाळेला सुट्ट्या असल्यानं अर्धी घरं गावाला. मे मध्ये मोजून "लोक आता बाहेरचं खात नाहीत" म्हणणं चूक, आणि ऑगस्टमध्ये श्रावणात मोजून "सगळे शाकाहारी झाले" म्हणणं तेवढंच चूक. डिसेंबर तर घ्यायचाच नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की शहरात बाहेरचे लोक, पोलिस बंदोबस्त, मोर्चे, सगळं असतं आणि आकडे फुगतात.

हे मी अनुभवानं सांगतोय. एका डिसेंबरमध्ये मी झिरो माइल आणि कस्तुरचंद पार्कच्या बाजूला चार संध्याकाळी मोजलं आणि माझ्या मावसभावाला सांगितलं की रात्रीच्या जेवणाला इथं तूट आहे, कर सुरू. त्यानं अकरा महिन्यांच्या करारानं जागा घेतली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं संध्याकाळी आठला बसायला माणूस नव्हता. मोजणी बरोबर होती, महिना चुकला होता, आणि पैसे त्याचे गेले. तेव्हापासून माझा नियम आहे की एका महिन्याची तुलना फक्त पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची, जानेवारीची जानेवारीशी. म्हणजे कमीत कमी एक वर्ष थांबावं लागतं. ज्याला थांबायचं नाही त्यानं ही पद्धत वापरूच नये, सरळ आजच्या गर्दीवर धंदा टाकावा, तोही एक मार्ग आहे.

एवढं थांबायचं कारण आहे. खाण्याच्या सवयी फार हळू सरकतात. सरकारी घरखर्च सर्वेक्षणात शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चातला पेयं, नाश्ता, तयार खाणं याचा वाटा २०११-१२ ला ९ टक्क्यांच्या जवळ होता आणि २०२२-२३ ला १०.६ च्या आसपास. अकरा वर्षांत दीड-पावणेदोन टक्के! देशाचा आकडा असा मुंगीच्या चालीनं जातो, त्यावरून तुमच्या गल्लीत काही ठरवता येत नाही. पण एखाद्या स्टेशनच्या भोवती येण्याजाण्याची वाट बदलली की तिथं तेवढाच बदल दोन वर्षांत होऊ शकतो. म्हणून देशाच्या बातम्या वाचून धंदा ठरवायचा नाही, गेटवर उभं राहायचं.

## टप्पा ३: चार माणसांशी बोला, पण मत विचारू नका

गेटवर फक्त हात दिसतात. घरात काय चाललंय ते या चौघांना माहीत असतं: चक्कीवाला, घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी, संध्याकाळचा भाजीवाला आणि फ्रीज ठेवणारा किराणावाला. सर्व्हेचा फॉर्म घेऊन जाऊ नका, काहीतरी विकत घ्या, दळण न्या, मग बोला. "इथं पोळी-भाजी चालेल का?" असं कधीच विचारायचं नाही, कारण माणूस तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. मागच्या आठवड्यात काय झालं तेवढंच विचारायचं.

चक्कीवाल्याला विचारा की आधी महिन्याला दळण आणणारी कोणती घरं आता येत नाहीत. दळण बंद झालं म्हणजे लगेच पोळी बाहेरून असं नाही, आधी तयार आटा येतो. पण गव्हाची कोठी घरातून गेली की पोळीशी असलेलं जुनं नातं सैल होतं, आणि हा फार आधी मिळणारा इशारा आहे, पार्सल वाढायच्या बराच आधी.

सगळ्यात जास्त वेळ मावशींना द्या. त्यांच्याकडून एकच गोष्ट काढायची: संध्याकाळी किती घरांना नाही म्हणावं लागलं. माझं बोलणं साधारण असं झालं होतं:

"मावशी, संध्याकाळचं एक घर घेता का?"

"नाही जी. सकाळचं सांगा, बघते. संध्याकाळी सहा ते आठ या दोनच तासांत सगळ्यांना पाहिजे. मी एक बाई, तीन घरांत कशी राहू?"

"मागच्या महिन्यात किती जणांनी विचारलं?"

"चार-पाच जणांनी तरी. दोघी तर म्हणे, भाजी आम्ही करतो, तुम्ही फक्त पोळ्या लाटून द्या."

हे शेवटचं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवा, कारण त्यात पदार्थाचं नावच मिळालं. लोक जेवण बाहेरून मागवायला तयार नाहीत, पण पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय. पीठ मळणं, लाटणं, भाजणं, पोळपाट धुणं, याला अर्धा-पाऊण तास जातो आणि घरी पोचायलाच साडेसात झाले की तोच अर्धा तास नसतो.

भाजीवाल्याला विचारा की गर्दी किती वाजता पडते आणि ती पुढं सरकली का, आणि निवडलेली मेथी, सोललेला वाटाणा, चिरलेलं फणस किंवा गवार कोणी मागतं का. किराणावाल्याचं मात्र ऐकायचं नाही, फक्त फ्रीज बघायचा: इडली-डोशाच्या पिठाची पाकिटं किती ओळींत आहेत, अर्ध्या भाजलेल्या पोळ्या-पराठे ठेवतो का, आणि त्यांच्यावर धूळ आहे का ते रोज फिरतात. दुकानदार फ्रीजची जागा वाया घालवत नाही.

सावधान: एकाच मावशीचं ऐकून ठरवू नका. दोन वेगळ्या सोसायट्यांतल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या निदान चार जणींशी बोला. एका इमारतीत एका बाईनं काम सोडलं तरी तिथल्या सगळ्यांना तूट वाटते.

## टप्पा ४: लोकांनी काढलेला जुगाड शोधा

जिथं गरज खरी असते तिथं लोक कोणी दुकान टाकायची वाट बघत नाहीत, काहीतरी लंगडी सोय करून घेतात. कोणी शेजारच्या काकूंकडून रोज दहा पोळ्या घेतं, कोणी ऑफिसच्या कॅन्टीनमधून निघताना दोन भाज्या पॅक करून आणतं, कोणी आठवड्याच्या पोळ्या रविवारी करून डीप फ्रीजमध्ये टाकतं, कोणी रोज रात्री फक्त खिचडी. हे जुगाड तुमच्या वहीचं तिसरं पान.

माझ्या बघण्यात घराबाहेर जेवण सरकायचा क्रम बराचसा ठरलेला आहे. आधी संध्याकाळचा नाश्ता बाहेरून यायला लागतो, मग रविवारचं एक जेवण (आपल्याकडं ते बहुतेक सावजी नाहीतर पाटोडी-रस्सा), मग पोळी, मग रोजची भाजी, आणि सगळ्यात शेवटी वरण-भात. वरण-भात कुकरमध्ये होतो, त्यात कष्ट नाहीत, म्हणून तो घरातच राहतो. तुमच्या भागातली घरं या शिडीच्या कोणत्या पायरीवर आहेत ते ओळखा आणि धंदा पुढच्या पायरीचा धरा. नाश्त्याच्या पायरीवरच्या वस्तीत थाळी टाकली की ती पडते, आणि मग लोक म्हणतात नागपूरकरांना बाहेरची थाळी आवडत नाही. आवडते हो, पायरी आली नव्हती.

तपासून बघा: जुगाडाला लोक पैसे देतायत का? फुकटची सोय, म्हणजे आई डबा पाठवते वगैरे, धंद्याचा पुरावा नाही. शेजारच्या काकूंना पोळीमागं ठरलेले पैसे जातात, हा पुरावा.

## टप्पा ५: आकडे मांडा, वाढ दोन भागांत फोडा

खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेले आहेत, तुमच्या वहीतले आकडे टाकून हाच हिशोब करा.

समजा पहिल्या जानेवारीत एका संध्याकाळच्या मोजणीत २०० जण दिसले, त्यातल्या २४ जणांच्या हातात पार्सल, म्हणजे १२ टक्के. पुढच्या जानेवारीत २६० जण, पार्सल ४४, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. वीस पार्सलं वाढली. आता बहुतेक जण इथंच खूश होतात. थांबा. सवय काहीच बदलली नसती तर २६० च्या १२ टक्क्यांनी ३१ पार्सलं दिसलीच असती, म्हणजे वीसपैकी सात फक्त माणसं वाढल्यानं आणि तेरा सवय बदलल्यानं. माणसं वाढल्यामुळं झालेली वाढ सगळ्यांना दिसते, तिच्यावर भाडं वाढतं. सवयीची वाढ कोणाला दिसत नाही, आपल्याला तीच पाहिजे. फोडल्यावर सवयीचा भाग शून्याच्या जवळ आला तर इथंच थांबा, त्या स्टेशनवर फक्त गर्दी आहे.

पुढं, आपण अर्धा वेळच मोजलं होतं, म्हणून ४४ चे दुप्पट ८८ पार्सलं एका संध्याकाळी. त्यातली बहुतेक समोसे, मोमो, केक असली. जेवणाची, म्हणजे पोळी-भाजीची, समजा चारात एक, म्हणजे २२.

आता उलट्या बाजूनं या. गाळा घेऊन पोळी-भाजी केंद्र टाकलं तर भाडं १५ हजार, दोन बायकांचा पगार २४ हजार, गॅस-वीज वगैरे ९ हजार, एकूण ४८ हजार. एक पार्सल ८० रुपयांचं धरा, सामान आणि पॅकिंगचे ४० गेले, हातात ४०. महिन्याचे २६ दिवस. खर्च निघायलाच रोज ४७ पार्सलं लागतात. आणि बाजारात आज सगळी मिळून २२ आहेत, त्यातली अर्धी तुमच्याकडं आली तर ११. म्हणजे आज गाळा घेतला तर मेलात.

दोन वर्षांनी काय? इथं सरळ रेघ ओढायची नाही, वाढ थोडी कमीच धरायची. दरवर्षी ६० माणसं वाढली आणि सवयीचा टक्का पाच नाही, तीननंच वाढला असं धरू. तर दोन वर्षांनी ३८० माणसं, २३ टक्के, म्हणजे मोजणीत ८७, पूर्ण संध्याकाळी १७४. जेवणाचा वाटा चारात एकवरून तीनात एक झाला तर ५८, तुमच्या वाट्याला अर्धी, २९. गाळ्याला लागतात ४७. अजूनही नाही जमत!

पण गाळा काढून टाका. घरच्या स्वयंपाकघरात एक बाई, १२ हजार, गॅस वगैरे ४ हजार, असे १६ हजार, तर रोज सोळा पार्सलं लागतात. वर्षभरानं ३२० माणसं आणि २० टक्के धरले तर पूर्ण संध्याकाळी १२८ पार्सलं, त्यातली जेवणाची, चारात एक आणि तीनात एक यांच्या मधला वाटा धरून, ३६-३७, आणि अर्धी तुमची, म्हणजे अठरा. जमतंय. तर या स्टेशनवर उत्तर असं निघालं की साधारण एका वर्षानं घरून पोळी-भाजी, आधी ऑर्डर घेऊन, गेटजवळ ठरलेल्या वेळी हातात द्यायची, आणि गाळ्याचा विचार आणखी तीन-चार वर्षांनी. "इथं पोळी-भाजी चालेल" आणि "इथं पोळी-भाजीचं दुकान चालेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला वाटतं बुडालेल्या निम्म्या धंद्यांत हाच फरक कोणी केलेला नसतो.

सावधान: "अर्धी माझ्याकडं येतील" हा आकडाही गृहीतच आहे. शेजारच्या काकूंचं गिऱ्हाईक पक्कं असतं. तिसरा हिस्सा धरून पुन्हा एकदा करून बघा, तरी जमत असेल तरच पुढं जा.

## टप्पा ६: वाट बदलायच्या तारखा लिहा

सवय तुमच्या हातात नाही, पण तिला धक्का देणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा आधी जाहीर झालेल्या असतात. मेट्रोचा पुढचा टप्पा, नवा उड्डाणपूल, ऑफिस हलणं, बसचा नवा मार्ग. त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि प्रत्येकीपुढं एक प्रश्न: यामुळं माझ्या गेटवरची माणसं वाढतील का पुढं निघून जातील?

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली, ४३.८ किलोमीटर, बुटीबोरी, हिंगणा, कन्हान आणि ट्रान्सपोर्ट नगरकडं. आता लोकमान्य नगर स्टेशन बघा. ते आज शेवटचं स्टेशन आहे, म्हणून पुढं वानाडोंगरी, हिंगण्याकडं जाणारे सगळे तिथं उतरून ऑटो पकडतात आणि ऑटो भरेपर्यंत काहीतरी खातात. पण ही मार्गिका हिंगण्यापर्यंत वाढायची आहे. गाडी पुढं जायला लागली की यातले बरेच जण तिथं उतरणारच नाहीत. शेवटचं स्टेशन म्हणून असलेली गर्दी ही उसनी गर्दी, तिच्यावर पाच वर्षांचा करार करू नका. खापरी, ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरलाही हेच लागू. मधल्या स्टेशनांना, जसं जयप्रकाश नगर, उलटा फायदा होऊ शकतो, बुटीबोरीला नोकरी करणारा माणूस कंपनीच्या बसऐवजी मेट्रोनं घरी येईल. आज कंपनीची बस त्याला सोसायटीच्या कोपऱ्यावर सोडत असेल तर तो तुमच्या मोजणीत नाहीच, म्हणून बसथांब्यावरही एक संध्याकाळ द्या.

दुसरी गोष्ट, उद्घाटनाची तारीख म्हणजे मागणीची तारीख नाही. लोकमान्य नगर ते सीताबर्डी मार्ग २८ जानेवारी २०२० ला सुरू झाला आणि मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागलं. पहिल्या टप्प्याचे सगळे मार्ग पूर्ण व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. ज्यानं उद्घाटनाच्या बातमीवर जागा घेतली असेल त्यानं दीड-दोन वर्षं नुसतं भाडं भरलं असेल. माझा हिशोब असा: गाडी सुरू झाली, की त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा. उन्हात आणि पावसात जो मेट्रोनं येत राहिला तो पक्का, बाकीचे पहिल्या कौतुकाचे.

## टप्पा ७: छोटी चाचणी, आणि थांबायचा आकडा आधी लिहून

सगळे आकडे जुळले तरच ही पायरी. लोक उलटं करतात, आधी नातेवाईकांना पोळ्या खाऊ घालतात, सगळे "वा" म्हणतात आणि मग मोजायला जातात, तेव्हा डोळा तटस्थ राहत नाही.

चार आठवडे, सोमवार ते शुक्रवार, फक्त दोन गोष्टी: पोळ्या आणि एक भाजी. दुपारी दोनपर्यंत ऑर्डर, पैसे आधी, सात ते आठमध्ये द्यायचं. मेन्यू वाढवू नका, वाढवला की नेमकं काय विकलं गेलं ते कळत नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावापुढं तारखा लिहा. एकूण किती विकलं ते दुय्यम. चौथ्या आठवड्यात किती जणांनी तीन किंवा जास्त दिवस घेतलं, हा आकडा खरा, कारण रोजचं जेवण म्हणजे परत परत येणं, एकदा चाखून बघणं नाही.

फक्त पोळ्या घेणारे आणि पोळी-भाजी दोन्ही घेणारे वेगळे मोजा. फक्त पोळ्यावाले दुप्पट निघाले तर तुमची वस्ती अजून पोळीच्या पायरीवर आहे, भाजीचा पसारा सोडा, पोळ्यांवरच राहा आणि हिशोब नव्यानं करा, कारण दहा पोळ्यांत सुटणारे पैसे पार्सलच्या चाळीसपेक्षा बरेच कमी असतात आणि मग सोळा नाही, तीस-पस्तीस घरं लागतील.

आणि चाचणीच्या आदल्या रात्री वहीत एक ओळ लिहून घरच्या कोणाची सही घ्या: चौथ्या आठवड्यात तीन दिवस घेणारी अमुक घरं झाली नाहीत तर सहा महिने थांबणार. वरच्या उदाहरणात मी तो आकडा दहा ठेवला असता. सात आली तर मोजणी चालू ठेवायची, पुढच्या जानेवारीत परत गेटवर उभं राहायचं, आणि मावशींना परत विचारायचं की यंदा किती घरांना नाही म्हणालात.